इलेक्ट्रोफोरेसिस नॉर्मल, पण लॅम्डा ३१२: एएल अमिलॉइडोसिस आणि फ्री लाइट चेनचा रिपोर्ट

प्रश्न: माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. चार महिन्यांपासून पायांवर सूज आहे आणि जिना चढताना दम लागतो. लघवीतून दिवसाला ६.२ ग्रॅम प्रथिने जातात, क्रिएटिनिन १.३ आणि एनटी-प्रोबीएनपी २४५० आहे. सीरम इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एम बँड दिसला नाही, पण फ्री लाइट चेनमध्ये कॅपा १४.२, लॅम्डा ३१२ आणि गुणोत्तर ०.०४५ आले. डॉक्टरांना अमिलॉइडोसिसची शंका आहे आणि ते बायोप्सी करायला सांगतात. एक चाचणी नॉर्मल आणि दुसरी एवढी बिघडलेली, असे कसे? आणि रक्तात सापडले असेल तर बायोप्सी कशासाठी?

उत्तर: दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि अमिलॉइडोसिसमध्ये, म्हणजे बिघडलेले प्रथिन अवयवांत साचण्याच्या आजारात, बऱ्याचदा असतात. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये रक्तातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने वेगवेगळी केली जातात आणि एखादे प्रथिन पुरेशा प्रमाणात असेल तरच त्याचा ठळक पट्टा, म्हणजे रिपोर्टमधला एम बँड, उमटतो. हे पुरेसे प्रमाण ढोबळमानाने लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपासचे असते. तुमच्या वडिलांच्या रक्तातील ३१२ मिलिग्रॅम लॅम्डा म्हणजे लिटरमागे ग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. लॅम्डाच्या नेहमीच्या पातळीच्या तुलनेत ते दहापटीहून जास्त असले तरी इलेक्ट्रोफोरेसिसच्या नजरेतून ते सहज निसटते. म्हणूनच अमिलॉइडोसिसची शंका असताना इलेक्ट्रोफोरेसिस नॉर्मल आहे एवढ्यावर कोणी निर्धास्त होऊ नये. इलेक्ट्रोफोरेसिसपेक्षा पुसट पट्टाही ओळखणारे रक्ताचे इम्युनोफिक्सेशन, लघवीचे इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तिन्ही चाचण्या एकत्र केल्या तरच असे प्रथिन नजरेआड राहण्याची शक्यता अगदी थोडी उरते. पहिल्या दोन झाल्या नसतील तर त्या करून घ्या.

हे प्रथिन येते कोठून, ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंडात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या जोडलेल्या असतात. हलकी साखळी म्हणजेच लाइट चेन. ती कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकाच प्रकारची असते आणि एक प्लाझ्मा पेशी आयुष्यभर एकच प्रकार बनवते. पेशी हलक्या साखळ्या गरजेपेक्षा थोड्या जास्त बनवतात, त्यामुळे काही साखळ्या जोडीदाराविना रक्तात मोकळ्या फिरतात. निरोगी माणसातही त्या असतात. मूत्रपिंडे त्यांना काही तासांत गाळून टाकतात, आणि मूत्रनलिकांच्या पेशी त्यांना परत शोषून त्यांचे विघटन करतात.

एएल, म्हणजे लाइट चेनपासून होणाऱ्या अमिलॉइडोसिसमध्ये एकाच प्लाझ्मा पेशीचा वंश वाढतो आणि तो सगळा एकसारखीच हलकी साखळी रक्तात सोडत राहतो. हा वंश बहुतेक वेळा लहान असतो. मज्जेत प्लाझ्मा पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. हाडे ठिसूळ होत नाहीत, कॅल्शियम वाढत नाही, मायलोमाची, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची, नेहमीची लक्षणे दिसत नाहीत. नातेवाइकांना इथेच कोडे पडते की एवढ्याशा पेशी एवढा मोठा आजार कसा करतात. नुकसान किती होणार हे पेशींच्या संख्येपेक्षा त्या बनवत असलेल्या साखळीच्या गुणधर्मावर जास्त ठरते. प्रतिपिंडे अधिक अचूक व्हावीत म्हणून या पेशींच्या जनुकांत स्वाभाविकपणेच बदल होत असतात. त्यांतील काही बदलांमुळे साखळीचा बदलता भाग अस्थिर होतो आणि त्याची ठरलेली घडी टिकत नाही. घडी मोडलेल्या साखळ्या एकमेकींवर रचल्या जाऊन सुमारे दहा नॅनोमीटर जाडीचे, न फांदणारे, ताठ तंतू, म्हणजेच अमिलॉइड, तयार होतात. शरीरातील प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेला हे तंतू सहज तोडता येत नाहीत, म्हणून ते पेशींच्या मधल्या जागेत साचत राहतात. सर्व रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत ही साखळी लॅम्डा असते, म्हणजे तुमच्या वडिलांचा आकडा या आजाराच्या नेहमीच्या चित्रात बसतो.

मूत्रपिंडात हे तंतू प्रामुख्याने गाळणीच्या केशवाहिन्यांच्या गुच्छांमध्ये साचतात. गाळणी गळू लागते आणि अल्ब्युमिन लघवीत उतरते. रोज ६.२ ग्रॅम जाणारे प्रथिन लाइट चेन असेल असा अनेकांचा समज होतो, पण अमिलॉइडोसिसमध्ये त्यातले बहुतांश अल्ब्युमिन असते. मायलोमाने मूत्रपिंड निकामी होते तेव्हा चित्र वेगळे असते. तिथे लघवीत लाइट चेन भरपूर आणि अल्ब्युमिन कमी असते, आणि क्रिएटिनिन झपाट्याने चढते. लघवीतील अल्ब्युमिन आणि एकूण प्रथिन यांची तुलना ही स्वस्त चाचणी आहे, पण तिच्यातून बरेच काही कळते. रक्तातील अल्ब्युमिन उतरल्यामुळे पायांवर सूज येते. क्रिएटिनिन मात्र बराच काळ जवळजवळ नॉर्मल राहू शकते, म्हणून १.३ पाहून मूत्रपिंड ठीक आहे असे समजू नये.

हृदयात तंतू स्नायुपेशींच्या मध्ये साचून हृदयाच्या भिंती जाड आणि ताठ करतात. हृदय आकुंचन पावते, पण सैल होऊन रक्त नीट भरून घेऊ शकत नाही. टूडी एकोत भिंती जाड दिसतात, मात्र ईसीजीतील लहरी अपेक्षेइतक्या उंच नसतात, अनेकदा त्या लहानच असतात. रक्तदाबाने भिंत जाड झाली असेल तर लहरी सहसा मोठ्या होतात, इथे त्या होत नाहीत, कारण जाडी स्नायूची नसून साचलेल्या प्रथिनाची असते. म्हणून वडिलांचा एको आणि ईसीजी एकत्र समोर ठेवून पाहायला सांगा. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिले तर ही विसंगती कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि या आजाराच्या निदानाला उशीर होण्याचे हे एक कारण आहे. साचलेले तंतू हे नुकसानीचे एक कारण झाले. तंतू होण्यापूर्वीच्या, घडी मोडलेल्या मोकळ्या साखळ्या हृदयाच्या पेशींना थेट विषारीही ठरतात. त्यामुळे उपचाराने लाइट चेन उतरल्या की भिंतींची जाडी तशीच असतानाही हृदयावरचा ताण दाखवणारे एनटी-प्रोबीएनपी काही महिन्यांत खाली येऊ शकते.

आता तुमच्या रिपोर्टकडे वळू. मोकळ्या साखळीवर एक भाग असा असतो, जो साखळी प्रतिपिंडाला जोडलेली असताना आत झाकलेला राहतो. या चाचणीतील अभिकर्मक नेमका तोच भाग ओळखतात, त्यामुळे फक्त मोकळ्या साखळ्या मोजल्या जातात. ही चाचणी २००१ च्या सुमारास वापरात आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फ्रीलाइट पद्धतीत निरोगी व्यक्तींत कॅपा ३.३ ते १९.४ आणि लॅम्डा ५.७ ते २६.३ मिलिग्रॅम प्रति लिटर, तर कॅपा भागिले लॅम्डा हे गुणोत्तर ०.२६ ते १.६५ असते. वडिलांची कॅपा नॉर्मल मर्यादेत आहे, लॅम्डा एकटीच चढली आहे, आणि १४.२ भागिले ३१२ केले की ०.०४५ येते. संसर्ग किंवा दीर्घकाळच्या दाहाने दोन्ही साखळ्या मिळून वाढतात आणि गुणोत्तर साधारण तसेच राहते. एकच साखळी वाढून गुणोत्तर इतके खाली जाणे हे एकाच वंशाच्या पेशी वाढल्याचे लक्षण आहे.

तुमच्या मनात येईल की मूत्रपिंडच बिघडले आहे, मग साखळ्या साचून आकडा वाढला नसेल कशावरून? ही शंका योग्य आहे, पण दिशा पाहा. कॅपा आकाराने लहान असल्यामुळे निरोगी मूत्रपिंड ती लॅम्डापेक्षा लवकर गाळते. गाळण्याची क्षमता कमी झाली की दोन्ही वाढतात, पण कॅपा जास्त वाढते आणि गुणोत्तर वर सरकते. म्हणूनच गाळण्याची क्षमता बरीच उतरलेल्या रुग्णांत गुणोत्तराची वरची मर्यादा ३.१ पर्यंत धरण्याची पद्धत आहे. क्रिएटिनिन ३ असलेल्या एखाद्या रुग्णात कॅपा ६० आणि लॅम्डा ३० आले, तर गुणोत्तर २ होते आणि तेवढ्यावरून कोणी आजाराचे नाव घेणार नाही. मूत्रपिंडाचा बिघाड गुणोत्तर ०.०४५ पर्यंत खाली नेऊ शकत नाही. उलट, मूत्रपिंड गाळण्यात कमी पडत असेल तर लॅम्डाच्या बाजूचा असमतोल थोडा झाकला जातो.

या रिपोर्टमध्ये छापलेला नसलेला, पण आम्ही पहिल्यांदा काढतो तो आकडा म्हणजे दोन साखळ्यांमधील फरक. आजारी साखळीतून निरोगी साखळी वजा करायची: ३१२ वजा १४.२, म्हणजे साधारण २९८. आजाराचा टप्पा ठरवण्याच्या २०१२ च्या मेयो पद्धतीत १८० किंवा त्याहून जास्त फरकाला एक गुण, एनटी-प्रोबीएनपी १८०० किंवा त्याहून जास्त असेल तर एक गुण आणि हृदयाच्या पेशींची इजा दाखवणारे ट्रोपोनिन ठरावीक मर्यादेवर असेल तर एक गुण दिला जातो. निदान पक्के झाले तर वडिलांचे दोन गुण आताच झाले आहेत. ट्रोपोनिन केले नसेल तर लगेच करून घ्या, कारण पुढचा अंदाज आणि औषधांची मात्रा दोन्ही त्यावर ठरतात. मूत्रपिंडाच्या आजारात एनटी-प्रोबीएनपी थोडे वाढते हे खरे, पण १.३ क्रिएटिनिनमुळे ते २४५० पर्यंत जात नाही. ८५०० च्या वर ते गेले तर हृदयाचा आजार फार पुढे गेलेला मानतात. वडील त्या टप्प्यापासून दूर आहेत, आणि नेमके म्हणूनच पुढचे काही आठवडे वाया घालवू नयेत.

रिपोर्ट घेताना दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा ‘कॅपा लॅम्डा लाइट चेन’ या नावाने एकूण साखळ्यांचीही चाचणी करतात. त्यात प्रतिपिंडांना जोडलेल्या साखळ्याही मोजल्या जातात, आकडे शेकड्यांनी मोठे येतात आणि त्या गर्दीत मोकळ्या साखळ्यांचा फरक बुडून जातो. अमिलॉइडोसिससाठी ती चाचणी निरुपयोगी आहे. चिठ्ठीवर आणि रिपोर्टवर ‘फ्री’ हा शब्द आहे का, ते पाहा. तुमच्या रिपोर्टमध्ये कॅपा १४.२ आहे, म्हणजे योग्य चाचणी झाली आहे असे दिसते. दुसरा गोंधळ एककाचा. काही ठिकाणी आकडा लिटरमागे देतात, तर काही ठिकाणी डेसिलिटरमागे. ३१२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ३१.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे एकच आहे. एका ठिकाणचा ३१२ आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणचा २८ असे रिपोर्ट शेजारी ठेवून लाइट चेन उतरल्याचे समाधान मानणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि प्रत्यक्षात औषधाचा परिणाम जवळजवळ झालेलाच नव्हता. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच प्रयोगशाळा ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

एवढे सगळे असताना बायोप्सी कशाला, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रक्ताची चाचणी एवढेच सांगते की एका वंशाच्या पेशी लॅम्डा बनवत आहेत. ती लॅम्डाच मूत्रपिंडात साचली आहे, हे ती सांगू शकत नाही. पन्नाशीनंतर सुमारे तीन टक्के लोकांत असा लहानसा वंश कसलाही त्रास न देता आढळतो, आणि अशा माणसाला अमिलॉइडोसिसचा दुसरा प्रकार किंवा मूत्रपिंडाचा अगदी वेगळा आजारही असू शकतो. भारतात जुना क्षयरोग आणि इतर दीर्घ संसर्गांमुळे होणारा एए अमिलॉइडोसिस अजूनही आढळतो, आणि त्यातही पायांवर सूज व लघवीतून प्रथिने हेच चित्र असते. वयस्क पुरुषांत हृदयात ट्रान्सथायरेटिन नावाचे वेगळे प्रथिनही साचते. एएलवर केमोथेरपी द्यावी लागते, आणि इतर प्रकारांत तीच केमोथेरपी निष्कारण नुकसान करते.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. ट्रान्सथायरेटिनसाठी हृदयाचा पायरोफॉस्फेट स्कॅन करतात आणि तो पॉझिटिव्ह आला की बायोप्सीशिवायही निदान मान्य होते, पण रक्त आणि लघवीत एका वंशाचे प्रथिन नसेल तरच. एएलच्या काही रुग्णांतही हा स्कॅन पॉझिटिव्ह येतो. वडिलांचे गुणोत्तर पाहता कोणी केवळ स्कॅनवरून आजाराचा प्रकार ठरवत असेल, तर ते मान्य करू नका.

बायोप्सीची सुरुवात सहसा मूत्रपिंडापासून करत नाहीत. बेंबीजवळची त्वचेखालील चरबी सुईने काढतात आणि त्याच वेळी अस्थिमज्जेचा नमुना घेतात. दोन्ही मिळून बहुसंख्य रुग्णांत अमिलॉइड सापडते. नमुन्याला काँगो रेड रंग दिला की अमिलॉइड सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी-लाल दिसते, आणि ध्रुवित प्रकाशात त्याच जागी हिरवी झाक उमटते. या तपासणीसाठी काप नेहमीपेक्षा जाड, आठ ते दहा मायक्रॉनचे घ्यावे लागतात. फार पातळ कापात थोडे साचलेले अमिलॉइड हिरवे दिसत नाही आणि ‘निगेटिव्ह’ असा रिपोर्ट येतो. चरबी निगेटिव्ह आली आणि शंका कायम असेल, तर मूत्रपिंडाची बायोप्सी करावीच. तेव्हा ऊतींचा एक तुकडा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी वेगळा ठेवायला आधीच सांगा, कारण सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की लॅम्डा की आणखी काही, हे खात्रीने ओळखणे अवघड होते. तरीही संदिग्धता उरली तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने साचलेल्या प्रथिनाची ओळख पटवता येते. वडिलांच्या पापण्यांभोवती जांभळे डाग येत असतील किंवा किरकोळ धक्क्याने रक्त साकळत असेल, तर सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. रक्त गोठवणारा दहावा घटक अमिलॉइडला चिकटून कमी होऊ शकतो आणि त्याची पातळी आधी तपासावी लागते.

निदान पक्के झाल्यास आज जगभर पहिला पर्याय म्हणून डॅराटुमुमॅब, बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड आणि डेक्सामेथासोन ही चार औषधे एकत्र देतात. रुग्णांवरच्या ज्या औषध-चाचणीवर हा उपचार उभा आहे, त्या अँड्रोमेडा चाचणीत डॅराटुमुमॅब मिळालेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के रुग्णांत रक्तातील आजार पूर्ण नियंत्रणात आला, तर डॅराटुमुमॅबशिवाय उरलेली तीन औषधे घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. डॅराटुमुमॅब महाग आहे आणि खर्चाचा प्रश्न आला तर डॉक्टरांशी उघड बोला. बोर्टेझोमिबवर आधारित तीन औषधांचा उपचार वेळेवर सुरू करणे हे चौथ्याच्या प्रतीक्षेत दोन महिने घालवण्यापेक्षा चांगले, असे माझे ठाम मत आहे.

उपचार चालू असताना फ्री लाइट चेन दर महिन्याला करतात आणि आपण काढलेला फरकच पाहतात. समजा तीन महिन्यांनी कॅपा १२ आणि लॅम्डा ४८ आले, तर फरक ३६ होतो. फरक ४० च्या खाली गेला की उत्तम प्रतिसाद मानतात, आणि पहिल्या काही महिन्यांत आम्ही निदान तेवढे तरी गाठू पाहतो. लाइट चेन रक्तात काही तासच टिकतात, त्यामुळे औषध लागू पडते की नाही, हे पहिल्या एकदोन चक्रांतच कळू लागते. पायांची सूज आणि लघवीतील प्रथिने मात्र मागाहून, सहा महिने ते वर्षभराने कमी होतात, कारण उपचार नवीन साखळ्यांचा पुरवठा थांबवतो आणि साचलेले प्रथिन शरीराला हळूहळू स्वतःच काढावे लागते. फरक उतरत असताना सूज तशीच आहे म्हणून उपचार फसला असे समजू नका. उलट, सूज पाण्याच्या गोळीने उतरली पण फरक २०० वरच अडकला असेल, तर औषध बदलण्याचा विषय तुम्हीच काढा.

पुढे गुणोत्तराने फसगत होऊ शकते. डॅराटुमुमॅब निरोगी प्लाझ्मा पेशीही कमी करते, त्यामुळे कॅपासुद्धा खाली जाते. कॅपा २.१ आणि लॅम्डा ९ आले, तर गुणोत्तर ०.२३ येते, रिपोर्टवर लाल खूण येते आणि घरात घबराट होते, पण लॅम्डा ९ म्हणजे नॉर्मल आहे आणि फरक फक्त सात आहे. अशा वेळी लॅम्डाचा स्वतःचा आकडा, फरक आणि इम्युनोफिक्सेशन एकत्र पाहावे.

बायोप्सीची वाट पाहताना घरी करण्यासारखे थोडेच आहे, पण ते नेमके करा. रोज सकाळी एकाच वेळी वजन आणि बसून व उभे राहून रक्तदाब लिहून ठेवा. वडील पूर्वीपासून रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील आणि आता दाब आपोआप खाली राहत असेल किंवा उठताना चक्कर येत असेल, तर गोळ्या तशाच चालू न ठेवता लगेच डॉक्टरांना दाखवा. या आजारात हृदय आणि स्वायत्त मज्जातंतू दाब सांभाळू शकत नाहीत. विशेषतः व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा, कारण अमिलॉइडने ताठ झालेल्या हृदयाला ही औषधे सहन होत नाहीत.